आईची स्लाइड स्वच्छ होती

जुलैत खडकीतल्या आमच्या लॅबमध्ये स्लाइड लवकर वाळत नाही. भिंतींना ओल आलेली असते, पंखा नुसती दमट हवा ढवळत राहतो आणि काचेवर ओढलेला रक्ताचा थर बराच वेळ चमकत पडतो. अशी रेंगाळत वाळलेली स्लाइड मायक्रोस्कोपखाली फसवते. तांबड्या पेशींमध्ये ओलावा अडकून कडी-कडी दिसायला लागतात, आणि नव्याने कामाला लागलेली मुलं धावत येऊन सांगतात, "ताई, टार्गेट सेल्स!" चौदा वर्षं हे काम करते आहे, ही फसवणूक अंगवळणी पडली आहे. म्हणूनच त्या दिवशी चार वर्षांच्या एका मुलाच्या स्लाइडवर टार्गेट सेल्स दिसल्या तेव्हा माझ्या मनात पहिलं तेच आलं: पावसाळा.

त्या मुलाच्या आई-वडिलांना विचारूनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा आईच्या कडेवर होता. डोळे पिवळसर, पोट थोडं पुढे आलेलं. आई मूळची भंडारा जिल्ह्यातली, वडील पिंपरीच्या सिंधी कुटुंबातले. चाकणच्या एकाच कारखान्यात नोकरीला असताना दोघांची ओळख झाली, मग लग्न. मुलाचे हात-पाय पहिल्यांदा सुजले ते चौदा महिन्यांचा असताना. त्यानंतर कावीळ, ताप, हाडं दुखणं, सगळं होत राहिलं. आईच्या पिशवीत एका दुसऱ्या लॅबचा जुना रिपोर्ट होता: सिकलसेल ॲनिमिया, एसएस. म्हणजे आईकडून एक सिकल जनुक, बापाकडून एक. नवीन डॉक्टरांनी औषध सुरू करण्याआधी सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी आणि स्मिअर म्हणजे रक्ताची स्लाइड पुन्हा करून मागितली होती, एवढ्यासाठी ती आमच्याकडे आली होती.

सीबीसीचे आकडे आले. हिमोग्लोबिन ८.१. सिकलच्या मुलात हे नवल नाही. पण तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ज्याला आम्ही एमसीव्ही म्हणतो, ते ६६ होतं. या वयात ते साधारण ७५ च्या वर असायला हवं. नुसत्या एसएस आजारात पेशी वाकड्या होतात, तुटतात, पण त्या लहान होत नाहीत. पेशी लहान असतील तर आणखी काहीतरी आहे असं समजायचं: लोह कमी आहे, किंवा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा काही धागा आहे. तो ६६ चा आकडा मी पेनने गोल केला आणि स्लाइड लावली.

स्लाइड वाचायचीही एक जागा असते. थेंब टाकला ती बाजू जाड, तिथे पेशी एकमेकींवर चढलेल्या. अगदी शेपटीला पेशी इतक्या ताणलेल्या आणि सपाट असतात की मधला फिका भागच नाहीसा होतो. या दोन्हींच्या मध्ये, जिथे पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात, तिथेच वाचायचं. मी तिथे ऑइल लेन्स लावली. आधी नजरेत भरल्या त्या टार्गेट सेल्स. मधोमध कुंकवाच्या टिकलीसारखा लाल ठिपका, त्याभोवती फिकं कडं, मग काठाला पुन्हा लाल. एका फील्डमध्ये बारा-पंधरा सहज. आणि त्यांच्यात विखुरलेले विळे, म्हणजे विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी, फील्डला दोन किंवा तीन. दोन्ही टोकं निमुळती, मधला भाग जाड, आणि फिक्या भागाचा मागमूस नाही.

विळ्यांबद्दलही मी आधी शंका घेते. स्लाइड ओढताना साध्या पेशीही लांबट होतात. पण ओढल्यामुळे लांब झालेल्या पेशी सगळ्या एकाच दिशेला तोंड करून असतात, वाऱ्याने पडलेल्या गवतासारख्या. इथे एक विळा आडवा, शेजारचा उभा, तिसरा तिरपा होता. टोकंही धारदार होती. हे विळे खरे होते.

राहिल्या टार्गेट सेल्स. मी मुलाच्या त्याच ट्यूबमधून दुसरी स्लाइड ओढली आणि या वेळी लगेच हेअर ड्रायरची थंड हवा मारली. आम्ही पावसाळ्यात तो ड्रायर याच कामासाठी ठेवतो. सोबत आमच्याच लॅबमधल्या एका मुलीच्या रक्ताची स्लाइड त्याच क्षणी, त्याच डब्यातल्या काचेवर, तशीच वाळवून काढली. दोन्ही एकाच लिशमन स्टेनमध्ये रंगवल्या: दोन मिनिटं स्टेन, मग दुप्पट बफर, मग आठ मिनिटं. दोष हवेचा किंवा काचेचा असता तर मुलीच्या स्लाइडवरही कडी आली असती. ती स्वच्छ निघाली. मुलाच्या स्लाइडवर टार्गेट सेल्स तितक्याच होत्या, आणि एखाद्या कोपऱ्यात नाही, तर वाचायच्या सगळ्या पट्ट्यात सारख्या पसरलेल्या. रेंगाळून वाळल्याने आलेल्या खोट्या टार्गेट सेल्स सहसा एखाद्याच भागात दाटीने असतात, हा फरक मला तेव्हा पटकन उपयोगी पडला.

टार्गेट सेल दिसते तशी का दिसते, हे मी शिकाऊ मुलांना एका वाक्यात सांगते: पिशवी मोठी, माल कमी. पेशीचं आवरण तेवढंच असतं, पण आतलं हिमोग्लोबिन थोडं भरलेलं असतं. मग काचेवर सपाट होताना जादाचं आवरण मध्येच उंचवटा करून बसतं आणि तिथे रंग गोळा होतो. विळ्याची कहाणी वेगळी. तिथे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं. ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून काठ्या बनवतात आणि काठ्यांनी पेशी आतून ताणली जाते. ऑक्सिजन मिळाला की बहुतेक पेशी पुन्हा गोल होतात. पण बऱ्याच वेळा हे घडल्यावर आवरणच कायमचं वाकतं, आणि हवेत वाळलेल्या स्लाइडवर आपल्याला दिसतात ते असे कायमचे वाकलेले विळे. म्हणजे एका मुलाच्या पेशीत दोन वेगळ्या गोष्टी चालू होत्या: हिमोग्लोबिन चुकीचं होतं, आणि ते कमीही होतं.

पांढऱ्या पेशी मोजताना मध्येच केंद्रक असलेल्या कच्च्या तांबड्या पेशीही भेटल्या, शंभर पांढऱ्यांमागे सहा. मशीन त्यांनाही पांढऱ्या समजून मोजतं. मशीनने १७,४०० सांगितलं होतं, त्याला १०६ ने भागून १०० ने गुणलं की खरा आकडा साधारण १६,४०० येतो. फरक थोडा दिसतो, पण आजार जास्त असेल तर या एका चुकीमुळे जंतुसंसर्ग समजून ॲन्टिबायोटिक चालू झालेली मुलं मी पाहिली आहेत.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना मी दोन्ही स्लाइड दाखवल्या. त्या बराच वेळ लेन्सवर होत्या. मग म्हणाल्या, "एसएसमध्येही टार्गेट सेल्स असतात, थोड्या. पण एवढ्या, आणि वर एमसीव्ही ६६? आईला आत बोलाव."

मॅडमनी तीनच गोष्टी विचारल्या. लोहाचं औषध चालू आहे का? तर हो, कोणीतरी वर्षभर सिरप दिलं होतं, रक्तातलं लोह न तपासताच. लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन आम्ही तपासलं, ते १४० आलं, म्हणजे लोह कमी असल्याचा पुरावा नव्हता. रक्त चढवलं आहे का? एकदा, सात महिन्यांपूर्वी. हा प्रश्न फार महत्त्वाचा असतो. दात्याच्या पेशी १२० दिवसांपर्यंत फिरत असतात, तोवर हिमोग्लोबिनचा आलेख काढला तर दात्याचंच हिमोग्लोबिन आलेखात येतं आणि मुलाचं समजलं जातं. सात महिने ठीक होते. आणि तिसरा प्रश्न: आई-वडिलांच्या रक्ताचं काय झालं?

तिसऱ्या प्रश्नावर आई गप्प झाली. मग तिने पिशवीतून आणखी दोन कागद काढले. दोघांची सोल्युबिलिटी टेस्ट झाली होती. आई पॉझिटिव्ह. वडील निगेटिव्ह. वडिलांच्या कागदावर खाली ठळक अक्षरात ‘नॉर्मल’ असं छापलेलं होतं.

आई हळू आवाजात म्हणाली, "ताई, हा रिपोर्ट आल्यापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. त्या म्हणतात, दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होत नाही असं डॉक्टरच सांगतात ना, मग माझ्या मुलात नाही तर पोराला आला कुठून?"

ते वाक्य ऐकल्यावर मला काही सुचेना. मॅडमनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "तुमच्या नवऱ्याला उद्या घेऊन या. सासूबाईंनाही आणा. रक्त आम्ही घेतो, आणि उत्तरही आम्हीच देतो."

सोल्युबिलिटी टेस्ट म्हणजे काय, ते इथे सांगते, कारण सगळी गडबड तिच्यात आहे. एका नळीत ठरलेलं द्रावण असतं, त्यात २० मायक्रोलिटर रक्त टाकायचं. द्रावणाने पेशी फुटतात, ऑक्सिजन निघून जातो, आणि सिकल हिमोग्लोबिन असेल तर ते न विरघळता गढूळ होतं. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या नाहीत की पॉझिटिव्ह. ती स्वस्त आहे, गावात, शाळेत करता येते, आणि तिच्या कामापुरती चांगली आहे. पण ती एकच प्रश्न विचारते: सिकल हिमोग्लोबिन आहे का? सिकल वाहक आणि सिकल रुग्ण यांतला फरक तिला कळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात आणि फार कमी हिमोग्लोबिन असलेल्या माणसात ती चुकीची निगेटिव्हही येऊ शकते. आणि थॅलेसेमियाच्या वाहकाला ती ‘निगेटिव्ह’ म्हणते, जे अक्षरशः खरं आहे. त्याखाली ‘नॉर्मल’ लिहिणं मात्र खरं नाही. मला वाटतं, तिथे ‘सिकल हिमोग्लोबिन आढळलं नाही’ एवढंच छापायला हवं, आणि सोबत सीबीसी असल्याशिवाय तो कागद द्यायलाच नको.

दुसऱ्या दिवशी तिघं आली. मुलाचं आणि दोघांचं रक्त एचपीएलसीसाठी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून आलेख काढणाऱ्या तपासणीसाठी, आम्ही डेक्कनच्या मोठ्या लॅबला पाठवलं, आणि तिघांच्याही स्लाइड मी स्वतः काढल्या.

आईची स्लाइड स्वच्छ होती. सिकल पॉझिटिव्ह असूनही एकही विळा नाही. वाहकाच्या पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन नेहमीचं असतं, त्यामुळे साध्या स्मिअरवर पेशी वाकत नाहीत, हे पुस्तकात वाचलेलं असतं. तरी दर वेळी मी क्षणभर थांबतेच.

वडिलांची स्लाइड लावली आणि तिथे टार्गेट सेल्स भेटल्या. मुलाच्या इतक्या नाहीत, पण फील्डला तीन-चार. पेशी लहान, फिक्या. सीबीसीत हिमोग्लोबिन १२.८, माणूस धडधाकट, पण तांबड्या पेशी ६३ लाख आणि एमसीव्ही ६३. आकारमानाला पेशींच्या दशलक्षातल्या संख्येने भागलं, म्हणजे ६३ भागिले ६.३, तर १० येतात. हा आकडा १३ च्या खाली असेल तर लोहाच्या कमतरतेपेक्षा थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता जास्त. तो नुसता अंदाज असतो, निकाल नाही. पण वडिलांनी लगेच सांगितलं, "मॅडम, कंपनीच्या तपासणीत दर वर्षी हिमोग्लोबिन कमी सांगतात, आणि मी दर वर्षी लोहाच्या गोळ्या खातो."

चार दिवसांनी आलेख आले. आई: नेहमीचं हिमोग्लोबिन ६१ टक्के, सिकल ३४. म्हणजे सिकल वाहक. वडील: सिकल नाही, पण हिमोग्लोबिन ए-टू ५.४ टक्के. साडेतीनच्या वर गेलं की बीटा थॅलेसेमियाचा वाहक समजायचं. मुलगा: सिकल ७२, गर्भातलं हिमोग्लोबिन म्हणजे एफ २० टक्के, ए-टू ६, आणि नेहमीचं हिमोग्लोबिन शून्य.

मुलाचा आलेख एकटा वाचला असता तर मीही एसएसच म्हटलं असतं. एसएसमध्येही नेहमीचं हिमोग्लोबिन नसतं, एफ आपल्याकडच्या मुलांत बऱ्यापैकी असतं, आणि सिकल असताना या यंत्रावर ए-टू थोडं वाढीव दिसतंच. आणखी एक अडचण म्हणजे एसएस मुलाला जोडीने अल्फा थॅलेसेमिया असेल तर त्याच्याही पेशी लहान दिसतात. तेव्हा स्मिअर, एमसीव्ही आणि आलेख यांनी दिशा मिळाली, निकाल आई-बापाच्या रक्ताने लागला. आईकडून सिकलचं जनुक, वडिलांकडून बीटा साखळी बनवतच नाही असं जनुक. या जोडीला सिकल बीटा शून्य थॅलेसेमिया म्हणतात. १९४० च्या दशकात इटलीत सिल्व्हेस्ट्रोनी आणि बियांको या डॉक्टर दांपत्याने हा आजार वेगळा ओळखला, आणि त्याला जे नाव दिलं त्याचा अर्थ ‘लहान विळ्यांचा आजार’ असा होतो. लहान पेशी आणि विळे. स्लाइडवर जे दिसतं तेच नाव.

मॅडमनी सासूबाईंना खुर्चीवर बसवलं आणि मायक्रोस्कोप त्यांच्याकडे वळवला. आधी मुलाची स्लाइड, मग बापाची. मी लेन्स जुळवून दिली. त्यांना विळा कळला, कारण तो कुणालाही कळतो. मग मी मधे ठिपका असलेल्या पेशी दाखवल्या. "आजी, या इथे नातवाच्या आहेत. आणि या बघा तुमच्या मुलाच्या. ही खूण बापाची आहे. विळे आईकडचे." त्यांनी दोन-तीन वेळा स्लाइड बदलून बघितल्या. काही बोलल्या नाहीत. जाताना मुलाला त्यांनी सुनेच्या कडेवरून स्वतःकडे घेतलं आणि जिना उतरल्या.

आई मागे थांबली. तेव्हा तिने सांगितलं की तिला नववा आठवडा चालू आहे.

मॅडमनी त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन लावला. यापुढचं काम आमच्या लॅबचं नव्हतं, पण क्रम मी जवळून पाहिला. पोटातल्या बाळाची तपासणी करायची तर आधी दोघांच्या जनुकातली नेमकी चूक माहीत असावी लागते, नाहीतर बाळात काय शोधायचं तेच ठरत नाही. दोघांचं रक्त जनुक तपासणीला गेलं. आईचं सिकल ठरलेलंच होतं. वडिलांमध्ये ६१९ बेस जोड्यांचा एक तुकडाच गायब निघाला. सिंधी कुटुंबांत ही चूक बरीच सापडते, म्हणून तिथे आधी तीच बघतात. बाराव्या आठवड्यात वारेतला छोटासा तुकडा काढला गेला. त्या तुकड्यात आईच्या पेशी मिसळलेल्या नाहीत ना, हेही तपासावं लागतं. आईच्या पेशी आल्या तर बाळाऐवजी आईचाच निकाल लागतो. दोन्ही चुका बाळात एकत्र येण्याची शक्यता दर गर्भारपणात चारात एक होती. या बाळात आईचं सिकल जनुक आलं होतं, वडिलांचं नाही. म्हणजे बाळ आईसारखंच वाहक.

रिपोर्ट आला त्या दिवशी तिने मला फोन केला. बोलता येईना तिला. मलाही.

मला एकच गोष्ट आजही टोचते. मुलाच्या पहिल्या रिपोर्टच्या वेळी कुणीही वडिलांचं सीबीसी पाहिलं असतं तर ही जोडी तीन वर्षं आधी कळली असती. त्या सगळ्या काळात त्या घरात एका बाईवर संशय होता. औषधाच्या बाबतीत फार मोठा फरक पडला नसता, सिकल बीटा शून्यचा उपचार जवळपास एसएससारखाच असतो. पण संशयाला औषध नसतं, आणि तो एका ‘नॉर्मल’ या छापील शब्दातून आला होता.

मुलाला पुढे हायड्रॉक्सीयुरिया सुरू झालं, वजनाच्या हिशेबाने कमी मात्रेवर. फॉलिक ॲसिड, पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस हेही झालं. पांढऱ्या पेशी फार खाली जात नाहीत ना हे बघायला दर महिन्याला तो आमच्याकडे येऊ लागला. पहिल्यांदा रडायचा, मग स्वतःहून बोट पुढे करायला लागला. बोटातून नाही, शिरेतून घेते मी, हे त्याला अजून पटत नाही.

सहा महिन्यांनी मी पुन्हा पूर्ण स्लाइड वाचली. हिमोग्लोबिन ९.४. एफ २० वरून २८ टक्क्यांवर. एमसीव्ही ६६ वरून ७४ वर, कारण हायड्रॉक्सीयुरियाने पेशी मोठ्या होतात. औषध नीट घेतलं जातंय हे ओळखायची आमची ती एक साधी खूण आहे. विळे शोधायला मला सात-आठ फील्ड फिरावं लागलं, तेव्हा एक सापडला. टार्गेट सेल्स मात्र पहिल्यासारख्याच होत्या, जवळजवळ प्रत्येक फील्डला. हे औषध विळे कमी करतं, वडिलांकडून आलेलं रिकामं जनुक ते भरून काढत नाही. दोन्ही स्लाइड मी एकाच डब्यात शेजारी ठेवल्या आहेत, तारखा घालून. जुलैतली आणि जानेवारीतली.